माझा वाटा मी भरला, तरीही?

पुण्यात बाणेर, वाकड, हिंजवडी या पट्ट्यात तिघा-चौघांनी मिळून फ्लॅट घेऊन राहणे आता सर्रास झाले आहे. सगळ्यांची नावे एकाच लिव्ह अँड लायसन्स करारात येतात, सगळ्यांचे अंगठे बायोमेट्रिक यंत्रावर उमटतात, एजंट करार ऑनलाइन नोंदवून देतो आणि भाड्याचे समान भाग पडतात. दर महिन्याला जो तो आपला भाग मालकाच्या खात्यात टाकतो. मग एक दिवस एकाचे पैसे येणे थांबते. मालकाचा फोन आला की उरलेले म्हणतात, ‘आमचे भाडे आम्ही भरले आहे. त्याचे त्याच्याकडून घ्या.’ ऐकायला हे रास्त वाटते, पण कायद्यात त्याला आधार नाही, आणि ही गोष्ट बहुतेकांना करारावर सही करताना नव्हे तर वकिलाची नोटीस हातात पडल्यावर कळते.

भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याचे 43वे कलम सांगते की दोन किंवा अधिक व्यक्तींनी मिळून एक वचन दिले असेल, आणि त्याविरुद्ध स्पष्ट करार झालेला नसेल, तर ज्याला वचन दिले तो त्यांपैकी कोणाही एकाकडून ते संपूर्ण वचन पुरे करून घेऊ शकतो. कलमाखालचे उदाहरणही आजच्या फ्लॅटला तंतोतंत लागू पडणारे आहे. तिघांनी मिळून चौथ्याला 3,000 रुपये द्यायचे कबूल केले, तर चौथा तिघांपैकी कोणाकडूनही पूर्ण 3,000 मागू शकतो. पहिल्याकडे एक हजार, दुसऱ्याकडे एक हजार अशी हिंडण्याची सक्ती त्याच्यावर नाही.

बरेच करार ही जबाबदारी ‘संयुक्तपणे व स्वतंत्रपणे’ अशा शब्दांत लिहितात. ते शब्द कराराच्या मसुद्यात नसले म्हणून सुटका होत नाही, कारण कायद्याचा मूळ नियमच तो आहे. करार भाडेपट्ट्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, ताब्याच्या हक्कात मोठा फरक पडतो, पण एकत्र कबूल केलेल्या पैशांबाबत हाच नियम चालतो.

हिशेबासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. फ्लॅटचे भाडे महिना 36,000 रुपये. राहणारे तिघे, एक नाशिकचा, एक सांगलीचा, एक लातूरचा. प्रत्येकी 12,000. अनामत रक्कम 1,08,000, तीही तिघांनी समान भरलेली. करार अकरा महिन्यांचा. सातव्या महिन्यात लातूरच्या मुलाची नोकरी जाते. तो भाडे देत नाही, आठव्या महिन्यातही देत नाही, आणि मग सामान घेऊन गावी जातो. नाशिक आणि सांगलीकडून 12,000 वेळेवर येत राहतात. दोन महिन्यांची थकबाकी होते 24,000.

मालकाच्या दृष्टीने पाहिले तर ही थकबाकी लातूरच्या मुलाची नाही, कराराची आहे. त्याला करारानुसार दरमहा 36,000 हवे होते आणि 24,000 मिळाले. उरलेले पैसे तो कोणाकडूनही मागू शकतो, आणि साहजिकच ज्याची नोकरी चालू आहे, जो त्याच फ्लॅटमध्ये राहतो, ज्याच्या दारावर नोटीस चिकटवता येते, त्याच्याकडे मागेल. दिवाणी प्रक्रिया संहिताही त्याला दावा एकावर लावायचा की तिघांवर, याची निवड देते. एकूण रक्कम मात्र त्याला एकदाच मिळते. सांगलीच्या मुलाने 24,000 भरले की मालकाचा विषय संपला.

इथे एक युक्तिवाद हमखास होतो. आम्ही पहिल्या महिन्यापासून वेगवेगळ्या यूपीआयने पैसे पाठवतो, मालक ते घेत आला, म्हणजे वाटे त्याला मान्य होते. हा युक्तिवाद तोकडा आहे. कलमाला हवा आहे तो स्पष्ट करार, आणि सोयीसाठी तीन हप्त्यांत भाडे स्वीकारणे म्हणजे बाकीच्या रकमेवरचा हक्क सोडणे नव्हे.

आता सांगलीच्या मुलाने 24,000 भरले असे धरू. त्याचे ते पैसे बुडाले का? नाही. 43वे कलम इथेच थांबत नाही, पण लोक बहुधा पहिला भागच ऐकतात. एकत्र वचन देणाऱ्यांपैकी ज्याने जास्त भरले, तो बाकीच्यांकडून समान वाटा मागू शकतो, असे त्याचा दुसरा भाग सांगतो. त्या दोन महिन्यांचे एकूण भाडे 72,000, म्हणजे प्रत्येकाचा वाटा 24,000. नाशिकने 24,000 भरले, सांगलीने 48,000, लातूरने शून्य. म्हणून सांगलीचा मुलगा लातूरच्या मुलाकडून 24,000 मागू शकतो. आपण परक्याचे कर्ज आपखुशीने फेडले असा आक्षेपही त्याच्यावर येत नाही, कारण न भरता त्याचे स्वतःचे घर धोक्यात येत होते.

आणि लातूरच्या मुलाकडे खरोखरच काही नसेल तर? त्याचे उत्तर कलमाच्या तिसऱ्या भागात आहे, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकाकडून वाटा मिळाला नाही तर ते नुकसान उरलेल्यांनी समान सोसायचे. म्हणजे बुडालेल्या 24,000 पैकी 12,000 नाशिकच्या मुलाने सांगलीच्या मुलाला द्यायचे. ‘मालकाने तुला पकडले, मला नाही’ हे त्याला म्हणता येत नाही. शेवटी दोघांनाही त्या दोन महिन्यांसाठी प्रत्येकी 36,000 पडतात. फ्लॅटमधली खरी भांडणे इथे होतात. पळून गेलेल्यावर राग असतोच, पण मैत्री तुटते ती मागे राहिलेल्या दोघांची, कारण हा भाग दोघांनाही ठाऊक नसतो आणि ज्याने भरले त्याला दुसरा आपल्याला फसवतो आहे असे वाटते.

वाटे समान असतात हा नियमही बदलता येतो. मोठी खोली आणि बाल्कनी घेणाऱ्याने 14,000 आणि बाकीच्यांनी 11,000 द्यायचे असे ठरले असेल, तर आपसांतला हिशेब तसाच होईल. मात्र तसे ठरले होते हे दाखवावे लागते. कागद नसेल तर महिन्यामहिन्याची बँकेची उतरंड आणि व्हॉट्सअॅपवरचे संदेश उपयोगी पडतात.

लातूरचा मुलगा जाताना मालक त्याला म्हणतो, ‘जा बाबा, तुझे काही राहिले नाही.’ उरलेल्यांना वाटते, आता निदान त्याच्या वाट्याचे तरी आपल्यावर येणार नाही. 44वे कलम नेमके उलटे सांगते. मालकाने एकाला मोकळे केले म्हणून बाकीचे मोकळे होत नाहीत, आणि जो मोकळा झाला तोही सोबत्यांच्या देण्यातून सुटत नाही. त्यामुळे मालकाचा तो संदेश हाती असला तरी सांगलीचा मुलगा लातूरच्या मुलाकडे आपला हिस्सा मागू शकतो.

मग रिकाम्या खोलीत नवीन मुलगा येतो. तो सांगलीच्या मुलाला दरमहा 12,000 देतो, करारात त्याचे नाव नसते. यात सर्वांत जास्त जोखीम मागे राहिलेल्यांनी घेतलेली असते. नवा मुलगा मालकाला काहीच देणे लागत नाही, कारण त्याने मालकाला कसलेही वचन दिलेले नाही. जुना मुलगा कागदावर अजून आहे, पण गावाला. तिसऱ्याला न विचारता फ्लॅटमध्ये ठेवले हा बहुतेक करारांत शर्तभंगही असतो. खरा मार्ग एकच आहे, जुना करार सर्वांच्या सहीने रद्द करून नव्या नावांसह नवा करार नोंदवणे. मुद्रांक शुल्क आणि एजंटचे पैसे पुन्हा लागतात म्हणून लोक हे टाळतात. दोन-तीन महिन्यांच्या थकबाकीच्या तुलनेत तो खर्च फारच कमी आहे.

अनामत रकमेबद्दलही गैरसमज आहे. लातूरच्या मुलाचे 36,000 मालकाकडेच आहेत, त्यातून थकलेले 24,000 वळते करा, असे उरलेले म्हणतात. मालकाने मान्य केले तर प्रश्नच मिटतो, आणि समजूतदार मालक पुष्कळदा मान्य करतात. पण करार चालू असताना तसे करायला तो बांधील नसतो. अनामत घराच्या नुकसानीसाठी आणि शेवटच्या हिशेबासाठी असते, आणि मालकाच्या दृष्टीने तीही एकच रक्कम आहे. शेवटी त्याने थकबाकी कापून 84,000 परत केले, तर तिघांनी 28,000 वाटून घ्यायचे नसतात. 36,000, 36,000 आणि लातूरच्या मुलाला 12,000 अशी वाटणी व्हायला हवी. हा साधा हिशेब चुकतो, कारण पैसे ज्याच्या खात्यात येतात तो घाईत तीन भाग करून मोकळा होतो.

मुदत संपताना आणखी एक अडचण येते. गेलेल्या मुलाचे कुलूपबंद कपाट खोलीत राहते, किल्ली त्याच्याकडे, आणि ताबा देणे रखडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या 24व्या कलमानुसार लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडले नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि भरपाईचा दर भाड्याच्या दुप्पट असतो. आपल्या उदाहरणात महिना 72,000. म्हणून एखादा सोबती जात असेल तेव्हा त्याच्याकडून किल्ली आणि खोली रिकामी केल्याचा लेखी संदेश त्याच दिवशी घ्यावा.

कोणी भाडे थांबवले तर काय करावे, हे आता सांगता येते. आधी थकबाकी भरून घर वाचवावे, पण रोखीने नव्हे. बँकेतून पाठवावी आणि ‘सातव्या महिन्याच्या भाड्यातील उरलेली रक्कम’ असे शेऱ्यात लिहावे. त्याच दिवशी न भरणाऱ्याला आणि दुसऱ्या सोबत्याला रक्कम, महिना आणि प्रत्येकाकडून येणे असलेला आकडा लिहून कळवावा. पैसे आले नाहीत तर वकिलामार्फत नोटीस, आणि त्यानंतर दिवाणी दावा. जादा पैसे भरल्यापासून तीन वर्षांच्या आत तो लावावा लागतो. 24,000 साठी कोणी कोर्टात जाईल का, असा प्रश्न रास्त आहे. बहुतेक जण जात नाहीत. पण नीट हिशेब मांडलेली नोटीस घरी, आईवडिलांच्या पत्त्यावर पोहोचली की पुष्कळदा पैसे येतात.

मालकाशी वाटे वेगळे करून घेण्याचा मार्गही कायद्याने मोकळा ठेवला आहे. ‘प्रत्येक जण फक्त आपल्या 12,000 रुपयांपुरता जबाबदार’ असे करारात लिहिता येते, किंवा खोलीवार तीन करार करता येतात. मालक याला क्वचितच तयार होतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही, कारण तिघांपैकी कोण कसा आहे हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असते तुम्हाला. म्हणून नवा फ्लॅट घेताना मालकाच्या करारासोबत तिघांनी आपसांतलाही एक कागद करावा. कोणाचा वाटा किती, अनामत कोणी किती भरली, मध्येच जायचे असल्यास किती महिने आधी सांगायचे आणि बदली माणूस येईपर्यंत भाडे कोण भरणार, एवढ्या चार गोष्टी त्यात पुरेत. खाली तिघांच्या सह्या आणि गावचे पत्ते घ्या, आणि हे सगळे किल्ली हातात येण्याआधी करा.