शिक्षा संपली, सुटका कधी?

1 जानेवारी 2025 रोजी भारत आणि पाकिस्तानने आपापल्या तुरुंगांतील परक्या कैद्यांच्या याद्या एकमेकांना दिल्या. पाकिस्तानच्या यादीत 217 मच्छीमार होते. शिक्षा भोगून झालेल्या 183 मच्छीमारांना आणि इतर कैद्यांना सोडा, अशी मागणी भारताने त्याच दिवशी केली. शिक्षा संपल्यावरही ही माणसे तुरुंगात का राहतात?

डहाणू-तलासरीकडचे अनेक आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समजा, अशी एक बोट सर क्रीकजवळ सागरी हद्द ओलांडते. पाकिस्तानचे गस्ती जहाज बोट जप्त करते आणि खलाशांना कराचीच्या मलीर तुरुंगात पाठवले जाते. हिंदीमुळे कामापुरते बोलणे निभते, पण खटल्याचे कागद त्यांना वाचता येत नाहीत. घरी वारली बोलणाऱ्या खलाशाच्या पाड्याचे नाव ऐकून उर्दूत लिहिले जाते आणि तेच पुढे इंग्रजीत उतरते. अशा प्रवासात नाव सहज बदलते.

2008 च्या करारानुसार अटकेची माहिती दुसऱ्या देशाला ताबडतोब द्यायची असते आणि तीन महिन्यांत उच्चायोगाच्या अधिकाऱ्याला कैद्याची भेट द्यायची असते. या भेटीत अधिकारी नाव, वडिलांचे नाव, गाव, पोलीस ठाणे असा तपशील घेतो. तो दिल्लीमार्गे राज्याकडे आणि तिथून स्थानिक पोलिसांकडे पडताळणीसाठी येतो. पाड्याचे नावच चुकले असेल तर पोलिसांनी घर शोधायचे कुठे? कागद परत जातो आणि सगळे पुन्हा सुरू होते.

करार म्हणतो, शिक्षा पूर्ण झाली आणि राष्ट्रीयत्व निश्चित झाले की एका महिन्यात कैद्याला परत पाठवावे. म्हणजे दोन्ही अटी पुऱ्या होईपर्यंत हा महिना सुरूच होत नाही. पडताळणी रेंगाळली तर काही महिन्यांची शिक्षा वर्षांवर जाते. पडताळणी झाली तरी दोन्ही सरकारांचे संबंध बिघडले की सुटका लांबते. वाघा-अटारीवर कैदी सोपवले जातात तेव्हा बोट मात्र बहुधा कराचीतच राहिलेली असते.

हा दोष एकाच बाजूचा नाही. पाकिस्तानी असल्याचे मानले जाणारे 76 कैदी भारतातही अडकले होते, कारण पाकिस्तानने त्यांच्या राष्ट्रीयत्वाची खात्री कळवली नव्हती. ज्यांना मानसिक आजारामुळे किंवा मुकेपणामुळे स्वतःचे गाव सांगता येत नाही, त्यांच्यासाठी तर ही पडताळणी फार अवघड ठरते.

म्हणून पडताळणी अटकेच्या पहिल्या आठवड्यातच सुरू व्हायला हवी, शिक्षेचा शेवट जवळ येण्याची वाट पाहत नव्हे. खलाशांच्या घरच्यांनीही आधार आणि मच्छीमार ओळखपत्राच्या प्रती, बोटीचा नोंदणी क्रमांक आणि मालकाचा फोन घरात लिहून ठेवावा. अटकेची बातमी येताच हे कागद मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात द्यावेत.