ठुशी मागून, झुमके पुढून

मालाड पश्चिमेला, रामचंद्र लेनच्या आतल्या अंगाला इमिटेशन ज्वेलरीचा धंदा दाटीवाटीने नांदतो. त्यातल्याच दोन गाळ्यांची मधली भिंत पाडून केलेल्या एका गोदामात मी सकाळपासून बसले होते. मला दागिने पाहायचे नव्हते, माणसं किती चालतात ते मोजायचं होतं.

गोदामाची रचना साधी. सहा समांतर गल्ल्या, दोन्ही बाजूंना रॅक, त्यांत डिझाइन नंबर लिहिलेली खोकी. प्रत्येक गल्ली 12 मीटर लांब. एका गल्लीतून शेजारच्या गल्लीत जायचं तर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पुढच्या वाटेने किंवा पार टोकाला असलेल्या मागच्या वाटेने. मध्ये कुठे फट नाही. दोन गल्ल्यांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 3 मीटर. पॅकिंगचं टेबल पहिल्या गल्लीच्या तोंडाशी. दुकानदाराची ऑर्डर आली की यादी छापायची, ट्रे घ्यायचा आणि माल गोळा करून टेबलावर आणायचा. याला इथे ‘माल काढणं’ म्हणतात.

काढण्याच्या दोन रीती मला दिसल्या. नवी मुलं ‘आत जाऊन परत’ यायची. पुढच्या वाटेवरून गल्लीत शिरायचं, सगळ्यांत आतल्या खोक्यापर्यंत जायचं आणि त्याच तोंडाने बाहेर पडायचं. दुसरी रीत नागमोडी. माल असलेल्या गल्लीत एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघायचं, पुढच्या गल्लीत उलट्या दिशेने उतरायचं. चांगली रीत कोणती, असं विचारल्यावर दोन मुलांनी दोन उत्तरं ठामपणे दिली. मग मी टेप काढली.

माझ्यासमोरची ऑर्डर अशी होती: पहिल्या गल्लीत तोंडापासून 3 मीटरवर नथ, दुसरीत 10 मीटरवर ठुशी, चौथीत 2 मीटरवर झुमके, सहावीत 4 मीटरवर पैंजण. सहावी गल्ली गाठून टेबलाशी परतायला आडवं चालणं 15 आणि 15, म्हणजे 30 मीटर. ते दोन्ही रीतींत सारखंच. फरक पडतो तो गल्लीतल्या उभ्या चालण्याचा. आत जाऊन परत येणाऱ्याला 3, 10, 2 आणि 4 या खोलींची दुप्पट पडते, म्हणजे 38. एकूण 68 मीटर. नागमोडीवाल्याला चार अख्ख्या गल्ल्या, म्हणजे 48, आणि वर आडवे 30. एकूण 78. पहिला मुलगा खूश.

तेवढ्यात दुकानदाराचा फोन आला आणि यादीत बांगड्यांचा एक सेट वाढला. जागा चौथ्या गल्लीतच, पण 11 मीटरवर. नागमोडीवाल्याचं काहीच बिघडलं नाही. तो ती गल्ली आधीही पुरती चालणारच होता. त्याचे 78 तसेच राहिले. परतीवाल्याला मात्र 2 मीटरऐवजी 11 मीटर आत जावं लागलं आणि त्याचे 68 चे 86 झाले. एका खोक्याने निकाल फिरवला. परतीच्या रीतीत गल्लीतलं सगळ्यांत खोल खोकं पैसे घेतं, नागमोडीत गल्लीत नुसतं शिरण्याचेच पैसे पडतात. म्हणून रोज खपणारा माल तोंडाशी मांडलेला असेल तर परतीची रीत स्वस्त पडते. इथे तो तसा मांडलेला नव्हता. ज्या दिवशी जिथे जागा सापडली तिथे ठेवलेला होता.

ती ऑर्डर शेवटी काढली गोदामातल्या सगळ्यांत जुन्या काकांनी. त्यांनी दोन्ही रीती बाजूला ठेवल्या. पहिली गल्ली पूर्ण चालले, वाटेत नथ घेतली. मागच्या वाटेवरून दुसऱ्या गल्लीत मागून शिरले. तिथून ठुशी फक्त 2 मीटरवर, घेतली आणि मागेच बाहेर. चौथीत मागून 1 मीटर, बांगड्या. सहावी गल्ली पैंजण घेत पुढे उतरले. पुढच्या वाटेने परतताना चौथीत पुढून 2 मीटर शिरून झुमके काढले आणि टेबलाशी आले. उभं चालणं 12, 4, 2, 12 आणि 4, म्हणजे 34. आडवे 30 धरून 64 मीटर.

“काका, तुम्ही हे ठरवता कसं?”

“ताई, गल्लीत मोकळा पट्टा सगळ्यांत मोठा कुठे आहे ते बघायचं. तो चालायचा नाही.”

शास्त्रातही या रीतीचं नाव सगळ्यांत मोठ्या मोकळ्या अंतरावरूनच पडलं आहे. चौथ्या गल्लीत झुमके आणि बांगड्या यांच्यामध्ये 9 मीटर काहीच नव्हतं, तेवढे काकांनी वाचवले. अनेक ठिकाणं फिरून परत येण्याचा सगळ्यांत छोटा मार्ग काढणं एरवी भल्याभल्यांना दमवतं. पण समांतर गल्ल्या आणि पुढे-मागे एकेक आडवी वाट असेल, तर तो नेमका काढता येतो आणि हिशोब गल्ल्यांच्या संख्येच्या प्रमाणातच वाढतो. रॅटलिफ आणि रोझेन्थल या दोघांनी 1983 साली हे दाखवलं. काकांना त्याची गरज पडली नाही, पण सहाच्या जागी तीस गल्ल्या असत्या तर पडली असती.

काकांच्या रीतीची खोट दुपारी दिसली. एका मुलाने त्यांची नक्कल करत तशीच ऑर्डर काढली, टेबलावर ट्रे ठेवला आणि कपाळावर हात मारला. झुमके राहिले होते. छापील यादीत चौथ्या गल्लीच्या दोन्ही ओळी एकाखाली एक असतात, आणि मागून बांगड्या घेतल्या की ती गल्ली ‘झाली’ असं डोकं धरून चालतं. टेबलापासून चौथी गल्ली 9 मीटर, आत 2, जाऊन-येऊन 22. आधी न घेतलेल्या झुमक्यांचे 4 मीटर चौसष्टातून वजा, उरलेल्या साठात बावीस मिळवले की 82. म्हणजे एक विसर पडला आणि तो नागमोडीवाल्याच्या 78 च्याही पुढे गेला. माझं मत विचाराल तर नव्या माणसाला पहिला महिना नागमोडीच शिकवावी. चालणं थोडं जास्त, पण विसरायला जागा कमी. मात्र यादीही चालण्याच्या क्रमाने छापायला हवी. इथली यादी प्रत्येक गल्लीसाठी पुढून मागे अशीच येते, त्यामुळे नागमोडीत उलटं उतरताना ओळी खालून वर वाचाव्या लागतात. कागदावरच्या खुणा वरखाली उड्या मारताना दिसल्या की समजावं, माणूस खोक्यापुढून गेला आणि मागे वळला.

संध्याकाळी नवा माल उतरला. रॅक भरलेले, म्हणून हमालांनी खोकी मागच्या वाटेवर रचली. मालाडमध्ये गाळ्याचं भाडं चौरस फुटावर मोजतात, आणि माल नसलेली वाट मालकाला रिकामी जागाच वाटते. पण ती बंद झाली की नागमोडीही जाते आणि काकांची रीतही; उरतं फक्त आत जाऊन परत. तीच ऑर्डर 64 ऐवजी 86 मीटरला पडते. दिवसाला अशा 60 ऑर्डरी धरल्या तर 1,320 मीटर जास्त चालणं, आणि ते भाड्याच्या पावतीत कुठे दिसत नाही. आग लागली तर मागून बाहेर पडायची वाटही तीच.

मी निघाले तेव्हा खोकी छातीपर्यंत आली होती आणि काका पुढच्या तोंडानेच दुसऱ्या गल्लीत ठुशी काढायला शिरत होते.