‘प्रवेश सुरू’च्या खाली काय लिहावे?

मार्च उजाडला की शाळांची प्रवेशाची चित्रे फोनवर फिरू लागतात. हसरी मुले, शाळेची इमारत, कोपऱ्यात बोधचिन्ह आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘प्रवेश सुरू’. चित्र नजर खेचते, पण पालकाला हवी असलेली माहिती त्याच्याखालच्या चार-पाच ओळींच्या मजकुरात असायला हवी. अर्ज कधी मिळेल, कधीपर्यंत द्यायचा, आपले मूल वयात बसते का आणि विचारायचे कोणाला, एवढेच पालकाचे प्रश्न असतात. अनेक शाळांचा मजकूर यांतल्या एकाचेही उत्तर देत नाही.

नेहमी दिसणारा नमुना साधारण असा असतो : ‘प्रवेश सुरू! प्रवेश सुरू!! तज्ज्ञ शिक्षकवृंद, डिजिटल वर्ग, प्रशस्त मैदान. मर्यादित जागा. आजच आपल्या पाल्याचा प्रवेश निश्चित करा. संपर्क : मुख्याध्यापक.’ यात कोणत्या वर्षाचा प्रवेश ते नाही, कोणत्या इयत्तेचा ते नाही, शेवटची तारीख नाही आणि नंबरही नाही. शाळेचे नाव चित्रात आहे म्हणून मजकुरात घातलेले नाही. हाच संदेश पुढच्या वर्षी कोणी जुन्या गटातून उचलून पुढे ढकलला, तर तो शिळा आहे हे ओळखण्याची सोयच नसते.

चित्र आणि मजकूर यांची ताटातूट होते, हे लिहिणाऱ्याने आधीच धरून चालावे. एखादी आई चित्र फोनमध्ये साठवते आणि नणंदेला तेवढेच पाठवते. मजकूर मागे राहतो. दुसरा कोणी फक्त मजकूर उचलून सोसायटीच्या गटात टाकतो. मग चित्र मागे राहते. म्हणून शाळेचे नाव, शैक्षणिक वर्ष, इयत्ता, शेवटची तारीख आणि फोन नंबर या पाच गोष्टी दोन्हीकडे हव्यात. एवढी पुनरुक्ती चालते. इमारतीचे कौतुक मात्र चित्रावर सोपवावे.

मजकुराची पहिली ओळ सर्वांत मोलाची, कारण लांब संदेश फोनवर अर्धाच दिसतो आणि उरलेला वाचायला बोट टेकवावे लागते. ‘सर्व सन्माननीय पालकांना कळविण्यात अत्यंत आनंद होतो की’ या सुरुवातीने ती ओळ खर्ची पडते. आदर दाखवायला ‘पालकांनी’, ‘आपण’ एवढे पुरे. पहिल्या ओळीत इयत्ता, वर्ष आणि मुदत यावी. व्हॉट्सॲपवर ओळीच्या दोन्ही टोकांना तारांकन दिले की ती ठळक होते. पण ठळक एकच ओळ करावी. सगळेच ठळक झाले की काहीच ठळक राहत नाही.

तारखांचा घोळ मात्र सर्वांत मोठा. ‘प्रवेशाची अंतिम तारीख’ म्हटले की शाळेच्या मनात अर्ज स्वीकारण्याचा शेवटचा दिवस असतो, तर पालक समजतो की त्या दिवशी जाऊन पैसे भरले की झाले. खरे तर दिवस चार असतात : अर्ज द्यायचा पहिला, अर्ज द्यायचा शेवटचा, यादी किंवा सोडतीचा, आणि यादीत नाव आल्यावर प्रवेश पक्का करण्याचा. शाळा उघडण्याचा दिवस पाचवा. राज्याच्या बहुतेक भागांत शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात, विदर्भात उन्हामुळे त्यानंतर. प्रत्येक तारखेसोबत वार लिहावा. त्याने वाचणाऱ्याची सोय होतेच, शिवाय लिहिणाऱ्याची चूकही पकडली जाते. तारीख आणि वार जुळत नसतील, तर बहुधा गेल्या वर्षीचा मजकूर तसाच वापरलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित मराठी शाळेला २०२६-२७ साठी पहिलीचे प्रवेश द्यायचे आहेत. शाळेला ‘गुढीपाडव्यापासून प्रवेश सुरू’ असे लिहायचे आहे, कारण मुहूर्त चांगला आणि मुलाला शाळेत घालण्याची ती जुनी रीतही आहे. पण २०२६ चा पाडवा गुरुवारी, १९ मार्चला. त्या दिवशी सुटी, आणि त्याच आठवड्याच्या शेवटी रमजान ईद आणि रविवार. नटूनथटून आलेल्या आजोबांना कुलूप बघून परत जायला लावायचे नसेल, तर एक तर पाडव्याला दोन तास कार्यालय खरोखर उघडे ठेवावे, नाही तर सोमवार, २३ मार्च ही तारीख द्यावी. उदाहरणातली शाळा दुसरा मार्ग घेते. शेवटचा दिवस शनिवार, १८ एप्रिल. मध्ये १४ एप्रिलची आंबेडकर जयंतीची सुटी येते. उन्हाळ्यात शाळा सकाळची भरते, म्हणून वेळ आठ ते अकरा. ही वेळ लिहिली नाही, तर कामावरून दुपारी सुटणारा पालक हमखास बंद दारापाशी पोचतो.

आता वय. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबर या दिवशी मुलाला सहा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, नर्सरीसाठी तीन. शाळा हा नियम जसाच्या तसा छापतात आणि हिशेब पालकावर सोडतात. मग कोणी तो जूनवर धरतो, कोणी चालू वर्षाऐवजी मागच्या डिसेंबरवर. त्यापेक्षा उत्तरच द्यावे : २०२६-२७ च्या पहिलीसाठी मुलाचा जन्म ३१ डिसेंबर २०२० रोजी किंवा त्यापूर्वीचा हवा. २० डिसेंबर २०२० ला जन्मलेली मुलगी बसते. ५ जानेवारी २०२१ ला जन्मलेला तिचा मावसभाऊ त्या वर्षी बसत नाही. शेजारच्या केंद्रीय विद्यालयात वय ३१ मार्चवर मोजतात, म्हणून दोन्हीकडे चौकशी करणारे पालक गोंधळतात. जन्मतारीख थेट लिहिली की निम्मे फोन वाचतात.

कागदपत्रांच्या ओळीत शब्द जपून वापरावे लागतात. ‘जन्मदाखल्याशिवाय प्रवेश नाही’ असे सर्रास लिहिले जाते. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. तेव्हा ‘जन्मदाखल्याची प्रत आणावी, नसल्यास कार्यालयात भेटावे’ असे लिहिणे योग्य. याच कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास आणि देणगी घेण्यास बंदी आहे. म्हणून पहिलीच्या मजकुरात ‘मुलाखत’ किंवा ‘चाचणी’ हे शब्द दिसले, तर शाळेने स्वतःच्या हाताने तक्रारीचा पुरावा छापला म्हणायचे. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील, तर सोडत काढावी आणि तिचा दिवस, वेळ, जागा आधी जाहीर करावी.

खासगी विनाअनुदानित शाळांना आणखी एक ओळ लागते. दुर्बल व वंचित घटकांसाठीच्या पंचवीस टक्के जागांचे अर्ज शाळेत भरायचे नसतात. ते शासनाच्या संकेतस्थळावर भरतात आणि त्यांच्या तारखा शिक्षण विभाग ठरवतो. ‘या तारखा त्या जागांसाठी नाहीत’ एवढे लिहिले नाही, तर हक्काची जागा मिळू शकणारे पालक चुकीच्या रांगेत उभे राहतात आणि खरी मुदत निघून जाते.

संपर्काची ओळ सोपी वाटते, पण फसते तीच. मुख्याध्यापकांचा खासगी नंबर दिला की तासाला असताना फोन वाजतो, नाही तर उचलला जात नाही. कार्यालयाचा एक नंबर द्यावा, सोबत उचलणाऱ्याचे पद आणि वेळ. दोन नंबर दिले तर कोणता कशासाठी, तेही सांगावे. मजकूर मराठी असला तरी फोन नंबर इंग्रजी अंकांत टाइप करावा, कारण देवनागरी अंकांतला नंबर बऱ्याच फोनवर बोट टेकवून लावता येत नाही. मग तो कागदावर उतरवावा लागतो आणि तिथे एखादा आकडा चुकतो. व्हॉट्सॲपवर थेट संदेश यावा असे वाटत असेल, तर `https://wa.me/91` याला लागूनच दहा आकडी नंबर जोडावा. मध्ये शून्य, अधिक चिन्ह किंवा आडवी रेघ आली की दुवा बिघडतो. इन्स्टाग्रामच्या चित्राखालच्या मजकुरात दुवा दाबला जात नाही, तिथे नुसता नंबर द्यावा. पाठवण्याआधी तो शाळेबाहेरच्या एका फोनवरून लावून बघावा. ही पाच मिनिटांची तसदी फार कमी शाळा घेतात.

हे सारे धरून उदाहरणातल्या शाळेचा मजकूर असा होतो :

*पहिली प्रवेश २०२६-२७ : अर्ज सोमवार, २३ मार्च ते शनिवार, १८ एप्रिल*
(शाळेचे नाव, गाव, तालुका)
३१ डिसेंबर २०२० रोजी किंवा त्यापूर्वी जन्मलेल्या मुलामुलींसाठी.
अर्ज शाळेच्या कार्यालयात मोफत मिळेल व तिथेच द्यावा. वेळ सकाळी ८ ते ११. रविवारी व सुटीच्या दिवशी बंद.
जन्मदाखल्याची प्रत आणावी. नसल्यास कार्यालयात भेटावे.
अर्ज जास्त आल्यास सोडत सोमवार, २० एप्रिल, सकाळी १० वाजता शाळेत, पालकांसमोर. प्रवेश शनिवार, २५ एप्रिलपर्यंत पक्का करावा.
चौकशी : लिपिक, (कार्यालयाचा नंबर), शाळेच्या दिवशी सकाळी ८ ते ११, फोन किंवा व्हॉट्सॲप.

शाळा तिमजली आहे की बैठी, हे यात कुठेही नाही, आणि पालकाचे काही अडतही नाही. ज्या शाळेला आपली खासियत सांगायचीच असेल, तिने पडताळता येईल अशी एक गोष्ट लिहावी, उदाहरणार्थ दुपारचे जेवण किंवा अमुक वस्तीपर्यंतची गाडी. ‘उज्ज्वल भवितव्याची हमी’ कोणीच देऊ शकत नाही.

हा मजकूर एकदा पाठवून भागत नाही. पहिला संदेश अर्ज सुरू होण्याच्या आठवडाभर आधी जावा, दुसरा मुदत संपायच्या तीन-चार दिवस आधी. दुसऱ्यात मजकूर तोच, फक्त पहिल्या ओळीत ‘शेवटचे चार दिवस’. मुदत वाढवली तर नवे चित्र आणि नवा मजकूर काढावा आणि ‘१८ एप्रिलऐवजी आता २५ एप्रिल’ असे दोन्ही दिवस लिहावेत. पुढच्या तारखा सरकत असतील तर त्याही सांगाव्यात. नुसती नवी तारीख घातली, तर गटागटांतून दोन संदेश एकाच वेळी फिरतात आणि कोणता खरा ते कळत नाही. जागा भरल्या की तसे त्याच गटांवर कळवावे, आणि मेच्या सुटीत कार्यालय कोणत्या वारी उघडे असेल तेही त्याच संदेशात घालावे. बदली होऊन गावात येणारी कुटुंबे नेमकी त्याच महिन्यात फोन करतात.