एका पासवर्डात दोन घरं

21 जानेवारी 2025 रोजी नेटफ्लिक्सने अमेरिकेतले दर वाढवले. जाहिराती नसलेला स्टँडर्ड प्लॅन महिन्याला 15.49 डॉलरवरून 17.99 डॉलरवर गेला. वाढ अडीच डॉलरची, आणि बातम्यांचे मथळेही त्याच अडीच डॉलरचे.

आता एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. आई-बाबा न्यू जर्सीत, मुलगी शिकायला टेक्ससमध्ये. 2022 मध्ये यांचा खर्च होता 15.49 डॉलर. स्टँडर्ड प्लॅनमध्ये एका वेळी दोन स्क्रीनवर पाहता येतं. एक स्क्रीन आई-बाबांची, एक लेकीची, पासवर्ड एकच आणि बिल बाबांच्या कार्डावर. जानेवारी 2025 च्या दरांनी हीच सोय रीतसर करायची तर 17.99 डॉलर प्लॅनचे आणि मुलीला ‘एक्स्ट्रा मेंबर’ म्हणून जोडण्याचे 8.99 डॉलर, असे 26.98 डॉलर होतात. म्हणजे मथळ्यातली दरवाढ 16 टक्के आणि या घराला बसलेली 74 टक्के. फरक पडला तो मधल्या काळात आलेल्या एका नव्या आकारणीमुळे: जो आपल्या छताखाली राहत नाही, त्याचे वेगळे पैसे.

हे एका रात्रीत झालं नाही. 2017 च्या मार्चमध्ये याच कंपनीने ट्विटरवर लिहिलं होतं की, प्रेम म्हणजे पासवर्ड वाटून घेणं. तेव्हा ग्राहक वाढत होते आणि फुकट पाहणारा पाहुणा म्हणजे उद्याचा ग्राहक, असा हिशेब होता. एप्रिल 2022 मध्ये तो हिशेब मोडला. वर्षाच्या पहिल्या तिमाहीत दोन लाख ग्राहक कमी झाल्याचं कंपनीने जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी शेअर एका झटक्यात सुमारे 35 टक्के कोसळला. त्याच वेळी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात एक आकडा होता: पैसे भरणारी घरं सुमारे 22 कोटी, आणि त्यांच्या पासवर्डवर फुकट पाहणारी घरं अंदाजे 10 कोटी. एवढी वर्षं जे चालवून घेतलं होतं, ते आता कंपनीला ‘न झालेली वसुली’ म्हणून दिसू लागलं.

खरं तर प्रयोग त्याच्या महिनाभर आधीच सुरू झाला होता. मार्च 2022 मध्ये चिली, कोस्टारिका आणि पेरू या तीन देशांत ‘एक्स्ट्रा मेंबर’ची चाचणी जाहीर झाली. कोस्टारिकात माणशी 2.99 डॉलर. पेरूमधून लगेच गोंधळाच्या तक्रारी आल्या. कंपनीच्या लेखी एका पत्त्यावर राहणारे तेवढेच एका घरचे; लोकांच्या लेखी सासरी गेलेली बहीणही घरचीच. मग जुलैमध्ये अर्जेंटिना, ग्वाटेमाला, होंडुरास अशा पाच देशांत दुसरी चाल खेळून पाहिली गेली. तिथे माणूस नव्हे, घर जोडायचं; ज्या दुसऱ्या घरातल्या टीव्हीवर पाहायचं त्या घराचे महिन्याला पैसे भरायचे. प्रवासात दोन आठवड्यांपर्यंत सूट. कागदावर ही चाल सोपी वाटते, पण टिकली पहिलीच. त्यात कंपनीचा फायदा उघड आहे. जोडलेल्या माणसाला स्वतःचं खातं आणि स्वतःचा पासवर्ड मिळतो, म्हणजे उद्या त्याला स्वतंत्र ग्राहक करणं सोपं जातं. जोडलेल्या घरातून असा ग्राहक तयार होत नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये कॅनडा, न्यूझीलंड, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये हा नियम लागू झाला, 23 मे 2023 ला अमेरिकेसह शंभरहून अधिक देशांत. अमेरिकेत तेव्हा दर होता 7.99 डॉलर. 2025 च्या दरवाढीत तो 8.99 झाला.

कोण कुठल्या घरात राहतं हे कंपनीला कळतं कसं? जीपीएसने नाही. कंपनी तीन गोष्टी पाहते: इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता, प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक आणि त्या खात्यावर चाललेला वापर. या ओळखीचं केंद्र आहे टीव्ही. खातेदार आपल्या टीव्हीवरून ‘हे माझं घर’ असं ठरवतो, आणि त्याच इंटरनेटवर चालणारे बाकीचे फोन, टॅब, लॅपटॉप आपोआप त्या घरचे धरले जातात. म्हणून सगळ्यात आधी अडतो तो दुसऱ्या गावातला टीव्ही. फोन आणि लॅपटॉप माणसाबरोबर फिरतात, सुट्टीत घरच्या वाय-फायला लागतात, त्यामुळे ते जास्त काळ निभावून जातात. टीव्ही मात्र भिंतीवरून हलत नाही.

टेक्ससमधल्या मुलीच्या टीव्हीवर एक दिवस सूचना येते की हे उपकरण या खात्याच्या घरचं नाही. खाली पर्याय असतात. त्यातला `Watch Temporarily` दाबला की एक कोड खातेदाराच्या ईमेलवर किंवा फोनवर जातो आणि पंधरा मिनिटांत बाद होतो. परीक्षा संपवून रात्री अकराला मालिका लावायला बसलेल्या मुलीने न्यू जर्सीत झोपलेल्या बाबांना उठवायचं, बाबांनी चष्मा शोधायचा, ईमेल उघडायचा, कोड वाचून दाखवायचा. एकदा-दोनदा हे गमतीचं वाटतं. ही खटपट हीच खरी वसुली यंत्रणा आहे, असं म्हटलं तर वावगं ठरू नये. दंड नाही, खातं बंद करण्याची धमकी नाही. नुसता कंटाळा आणायचा. दुसरा पर्याय `Update Netflix Household`. तो दाबला तर मुलीचा टीव्ही ‘घर’ होतो आणि मग न्यू जर्सीतला दिवाणखाना परका ठरतो!

कंटाळलेल्या कुटुंबापुढे मग दरपत्रक येतं, आणि इथे खरी गंमत आहे. जानेवारी 2025 मध्ये जाहिरातींसह मिळणारा स्वतंत्र प्लॅन 7.99 डॉलरला होता. म्हणजे जाहिरातींविना जोडलेला एक्स्ट्रा मेंबर, 8.99 डॉलरचा, स्वतंत्र ग्राहकापेक्षा एक डॉलरने महाग. त्याच वेळी कंपनीने जाहिराती पाहणारा एक्स्ट्रा मेंबरही आणला, 6.99 डॉलरला, तो स्वतंत्र ग्राहकापेक्षा एक डॉलरने स्वस्त. पण एक्स्ट्रा मेंबरला एका वेळी एकच स्क्रीन आणि एकच प्रोफाइल मिळतं, स्वतंत्र जाहिरातवाल्या प्लॅनवर दोन स्क्रीन. शिवाय एक्स्ट्रा मेंबरला आपले पैसे आपण भरता येत नाहीत, ते मूळ खातेदाराच्याच बिलात लागतात. एका डॉलरसाठी एवढी बंधनं कोण घेईल?

बहुतेक जण घेत नाहीत, आणि कंपनीलाही तेच हवं असावं. जाहिरातींचा प्लॅन नोव्हेंबर 2022 मध्ये, पासवर्डवरच्या कारवाईच्या तोंडावर आला. पासवर्ड गेलेला प्रेक्षक तिकडे वळला की ग्राहकाचे पैसे मिळतात आणि जाहिरातदाराचेही. तेव्हा एक्स्ट्रा मेंबरचा दर हा कमाईचा दर कमी आणि ढकलण्याचा जास्त, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले की ध्यानात येतं. दुसरा पुरावा मर्यादेचा: स्टँडर्ड प्लॅनला एकच एक्स्ट्रा मेंबर जोडता येतो, चार स्क्रीनच्या प्रीमियमलाही दोनच. जानेवारी 2025 च्या दरांनी 24.99 डॉलरचा प्रीमियम घेऊन जाहिरातींविना दोघांना जोडलं तर महिन्याचं बिल 42.97 डॉलर व्हायचं.

लोक चिडले, अनेकांनी सोडलंही. पण ते पुरलं नाही. कॅनडात नियम लागू झाल्यावर थोड्याच महिन्यांत ग्राहकसंख्या आधीपेक्षा जास्त झाल्याचं कंपनीने सांगितलं. 2024 च्या शेवटच्या तिमाहीत एक कोटी 89 लाख नवे ग्राहक आले आणि एकूण आकडा 30 कोटींपलीकडे गेला. त्याच तिमाहीचा निकाल जाहीर करताना वरची दरवाढ आली, आणि पुढच्या तिमाहीपासून ग्राहकसंख्या प्रसिद्ध करणंच कंपनीने थांबवलं. हे पाहून बाकीचे मागे राहिले नाहीत. डिस्ने प्लसने सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत अशीच आकारणी सुरू केली: जाहिरातींसह 6.99 डॉलर, जाहिरातींविना 9.99.

भारतात ही कथा वेगळ्या वळणाने आली. पासवर्डवरची कारवाई 20 जुलै 2023 ला इथेही सुरू झाली, पण एक्स्ट्रा मेंबरचा पर्याय दिलाच नाही. कारण सांगितलं गेलं ते असं, की या देशात दर नुकतेच कमी केले आहेत. ते खरंही होतं. डिसेंबर 2021 मध्ये फक्त मोबाइलवर चालणारा प्लॅन 199 रुपयांवरून 149 वर, बेसिक 499 वरून थेट 199 वर, स्टँडर्ड 649 वरून 499 वर आणि प्रीमियम 799 वरून 649 वर आणला होता. त्यामुळे पुण्यातला भाऊ 649 भरतो आणि साताऱ्यातले आई-बाबा त्याच्याच खात्यावर पाहतात, ही सोय अडली तर पैसे भरून ती चालू ठेवता येत नाही. आई-बाबांचं नवं खातंच काढावं लागतं. 199 चा बेसिक घेतला तर एकच स्क्रीन आणि चित्राचा दर्जा जेमतेम, पण टीव्हीवर चालतो. 149 चा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही, हे दुकानात घाईने रिचार्ज करताना हमखास विसरलं जातं.

परदेशी असलेल्या मुलांचा यात आणखी एक गैरसमज होतो. न्यू जर्सीतल्या मुलाला वाटतं की आठ-नऊ डॉलर भरून नाशिकच्या आईला जोडून टाकू. तसं होत नाही. एक्स्ट्रा मेंबरने खातं सुरू करायचं ते मूळ खातेदाराच्याच देशात. आईसाठी भारतातलं स्वतंत्र खातं हाच मार्ग आहे, आणि रुपयांतल्या दराने तो बराच स्वस्तही पडतो.

वेगळं व्हायचं ठरलंच तर एक काम आधी उरकून घ्या. ऑक्टोबर 2022 पासून प्रोफाइल दुसऱ्या खात्यात हलवायची सोय आहे. अर्धवट पाहिलेल्या मालिका, जपून ठेवलेली यादी आणि आवडीनुसार येणाऱ्या शिफारशी तिच्यासोबत जातात. पण ही सोय आधी खातेदाराने चालू करावी लागते, आणि हलवायचं ते जुनं खातं बंद करण्याआधी. आणि घरातल्या कुणाला आधीच एक्स्ट्रा मेंबर म्हणून जोडलं असेल, तर मूळ खातं बंद करण्यापूर्वी त्याला फोन करा, कारण तुमच्याबरोबर त्याचंही पाहणं बंद होतं.