नळीतून जेवणाऱ्या रुग्णाला जुलाब

नळीतून जेवणाऱ्या रुग्णाला जुलाब लागले की घरचे घाबरून जेवणच बंद करतात. तसे करू नका, आधी कारण शोधा.

अर्धांगवायू झालेल्या एका आजोबांना दिवसाला पाच-सहा पातळ जुलाब होत होते. सून 300 मिली पेज सिरिंजच्या दांड्याने दोन मिनिटांत ढकलायची. आम्ही दांडाच काढला. उशा लावून त्यांना अर्धवट बसते केले आणि 200 मिली पेज वीस-तीस मिनिटांत आपोआप उतरू दिली. दिवसाचे अन्न तेवढेच, फक्त जास्त वेळा.

जुलाब कमी झाले, थांबले नाहीत. सिरिंजच्या टोकात जुनी पेज आंबली होती. हात धुवा, सिरिंज दर वेळी साबणाने धुऊन उकळलेल्या पाण्याने विसळा, कोरडी ठेवा. सकाळची पेज दुपारी नको.

मग औषधांची पिशवी उघडली. बद्धकोष्ठतेचे लॅक्ट्युलोज सिरप अजून चालूच! डॉक्टरांना विचारून ते थांबवले. अँटिबायोटिक, मॅग्नेशियमचे अँटासिड आणि सॉर्बिटॉल असलेली पातळ औषधे यांनीही जुलाब होतात. पण कोणतेही औषध मनाने सोडू नका, जुलाब थांबवण्याची गोळीही मनाने देऊ नका.

डॉक्टरांना विचारून नळीतून ओआरएस द्या. शौचात रक्त, ताप, कमी लघवी किंवा गुंगी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.