पहिलं गेमिंग मशीन: 40,000 रुपयांत काय घ्यावं?

समजा, बजेट 40,000 रुपयांच्या आसपास आहे आणि घरात टीव्ही आहे. अशा वेळी नजर आधी कन्सोलवर जाते. एक्सबॉक्स सिरीज एस 2020मध्ये भारतात 34,990 रुपयांना आला. पण त्यात डिस्क ड्राइव्हच नाही! म्हणजे जुनी डिस्क स्वस्तात घेणं आणि खेळून झाल्यावर विकणं, दोन्ही बंद. तंग बजेटमध्ये हे फार महागात पडतं.

दुसरा पर्याय पीसीचा. त्यात खरा खर्च ग्राफिक्स कार्डाचा. सुरुवातीला तो टाळता येतो, कारण रायझन 5 5600जी या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असतं. मात्र ते मुख्य रॅमवरच चालतं. म्हणून 16 जीबीची एकच स्टिक न घेता 8-8 जीबीच्या दोन घ्याव्यात. दोन स्टिकवर नीट चालणारा गेम एकाच स्टिकवर अडखळू लागतो. व्हॅलोरंट या प्रोसेसरवर छान चालतो, नवे जड गेम मात्र नाहीत. पुढे कार्ड लावायचं असेल तर पॉवर सप्लाय आधीच चांगला घ्यावा.

हातात धरून खेळायचा स्टीम डेक कितीही आवडला तरी तो भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. बिघडला तर दुरुस्तीसाठी कुठे जाणार?

अभ्यासालाही कॉम्प्युटर लागणार असेल तर पीसीच घ्या. फक्त खेळायचं असेल तर डिस्क ड्राइव्ह असलेला सेकंडहँड कन्सोल घ्या, पण डिस्क घालून, तासभर चालवून पाहिल्यावरच.