पांढरट खोडाचे झाड: अर्जुन, ऐन की नाणा?

सह्याद्रीत आणि त्याच्या पायथ्याशी ज्या झाडांची फोटोवरून सर्वाधिक गल्लत होते, त्यांत अर्जुन, ऐन आणि नाणा ही तिघे ठळकपणे येतात. अर्जुन आणि ऐन एकाच कुळातले, एकाच प्रजातीतले सख्खे भाऊ आहेत. वनस्पतिशास्त्रात दोघांचेही पहिले नाव टर्मिनालिया. गावोगावी ऐनाला सादडा आणि अर्जुनाला अर्जुनसादडा म्हणत असल्यामुळे गोंधळात आणखी भर पडते. नाणा मात्र वेगळ्या घराण्यातला, महाराष्ट्राचे राज्यफूल असलेल्या तामणाचा भाऊबंद. तरीही खोडाचा फोटो पाहून अर्जुनाशी गल्लत होते ती ऐनापेक्षा त्याचीच. यावरूनच साल किती सांगू शकते आणि किती नाही, याची कल्पना येते.

सालीपासून सुरुवात करणे सोयीचे असते, कारण खोड बारा महिने समोर असते आणि त्याचा फोटो काढायला हात वर करावा लागत नाही. वाढलेल्या अर्जुनाची साल गुळगुळीत, राखी-पांढरट असते आणि तिच्यावर गुलाबी किंवा हिरवट झाक असते. तिचे मोठे, चपटे, पातळ खपले सुटतात. खपला पडला की खालचा ताजा भाग फिकट दिसतो आणि खोडावर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके जोडल्यासारखे वाटतात. नाण्याची साल त्याहून पांढरी, हस्तिदंती, आणि ती कागदासारख्या पातळ लांबट पट्ट्यांनी सुटते. ऐनाचे खोड या दोघांपेक्षा अगदी निराळे: काळपट, खडबडीत, उभ्याआडव्या खोल भेगांनी चौकोनी तुकड्यांत विभागलेले, मगरीच्या पाठीसारखे. जुन्या ऐनाचा स्वच्छ फोटो असेल, तर बहुधा पुढे जाण्याची गरजच पडत नाही.

अडचण आहे ती कोवळ्या ऐनाची. त्याच्या सालीला अजून भेगा पडलेल्या नसतात आणि ती राखी, बरीचशी सपाट दिसते. पावसात भिजलेली कोणतीही साल आहे त्याहून गडद दिसते. घाटातल्या दमट जागी खोडावर दगडफुलाचे पांढरे चट्टे असतात आणि फोटोत तेच सालीचा रंग म्हणून गणले जातात. म्हणून सालीचे दोन फोटो लागतात. एक छातीच्या उंचीवर जवळून काढलेला, शेजारी पट्टी धरून. दुसरा चार पावले मागे येऊन, बुंध्यापासून पहिल्या फांदीपर्यंतचा. खपले सुटतात की पट्ट्या, हे जवळच्या फोटोत कळते, तर खोड किती जुने आहे ते दूरच्या फोटोत. सालीवरून झाडाचे नाव ठरवू नये, फक्त उमेदवारांची यादी करावी.

एक उदाहरण घेऊ. कोयनेच्या खोऱ्यात ओढ्याकाठी उभ्या असलेल्या एका झाडाचे फोटो आहेत. पहिल्या फोटोत मोठे, गुळगुळीत, पांढरट खोड आहे. यादीत अर्जुन आणि नाणा तर येतातच, शिवाय निलगिरी आणि खडकाळ उतारावर वाढणारा कांडोळही येतो. ओढ्याचा काठ ही अर्जुनाची आवडती जागा, पण ओल्या जंगलात नाणाही तिथे सहज असू शकतो. जागेवरून कल वाढतो, निर्णय होत नाही.

दुसरा फोटो पानांचा. पाने साधी, लांबट आणि फांदीवर जवळजवळ समोरासमोर आहेत. एवढ्यावरून कांडोळ बाद होतो, कारण त्याचे पान बोटांसारखे पाच भागांत विभागलेले असते. निलगिरीची मोठ्या झाडावरची पाने अरुंद आणि विळ्यासारखी वाकडी असतात, म्हणून तीही बाद. आता अर्जुन की नाणा? वरून काढलेल्या पानाच्या फोटोत याचे उत्तर सहसा मिळत नाही. पान उलटे करून बुडाकडचा भाग जवळून टिपावा लागतो. अर्जुनाच्या पानात देठ पात्याला मिळतो तिथे एक-दोन बारीक गाठी असतात. ऐनाच्या पानाखाली, मुख्य शिरेवर बुडाजवळ, अशाच पण जास्त उठावदार गाठी दिसतात. नाण्याच्या पानाला अशा गाठी नसतात आणि त्याची खालची बाजू फिकट असते. प्रत्येक पानावर गाठ असेलच असे नाही, म्हणून एकाच डहाळीवरची चार-पाच पाने तपासावीत. पाने उंच फांदीवरची असतील तर उत्तम. बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांची पाने प्रमाणाबाहेर मोठी आणि वेगळ्या घडणीची असतात, त्यांच्यावर विसंबू नये.

आपल्या फोटोत दोन पानांच्या बुडाशी गाठी स्पष्ट आहेत. नाणा गळाला आणि झाड टर्मिनालिया आहे हे ठरले. पण आता ऐन पुन्हा यादीत आला, कारण खोड कोवळ्या ऐनाचे नाही ना, हे पाहावे लागते. दूरच्या फोटोत बुंधा भक्कम आहे. इतक्या जाड ऐनाला भेगा पडलेल्या असायला हव्या होत्या. तरी खात्री करायची तर फळच हवे.

अर्जुन आणि ऐन दोघांच्याही फळाला पाच उभे पंख असतात. आकाराने अर्जुनाचे फळ साधारण अडीच ते पाच सेंटिमीटर. पंख अरुंद, जाडसर आणि ताठ. ऐनाचे पंख रुंद, पातळ, कागदी. पण फोटोत पट्टी नसली तर रुंद आणि अरुंद यांना अर्थ राहत नाही. भरवशाची खूण आहे ती पंखावरच्या बारीक रेषांची. अर्जुनाच्या फळात त्या मधल्या भागापासून निघून वरच्या दिशेने वळतात. ऐनाच्या फळात त्या सरळ आडव्या कडेपर्यंत जातात. समोरून उजेड पडला तर या रेषा पुसट होतात. फळ उन्हाकडे धरून, मागून उजेड येईल असा फोटो काढला की त्या उठून दिसतात. तिसऱ्या फोटोतल्या फळावर रेषा वर वळलेल्या आहेत, झाड अर्जुन.

त्याच जागी नाणा असता, तर पंखाचे फळ दिसलेच नसते. त्याला लहान, कठीण बोंडे येतात. वाळली की ती उकलतात आणि आतल्या बारीक पंखाच्या बिया उडून जातात. किंजळ हाही टर्मिनालियाच, पण त्याच्या फळाला एक पंख मोठा आणि दोन छोटे असतात. बेहड्याच्या फळाला पंखच नसतात.

फळाच्या बाबतीत मोठी चूक होते ती जमिनीवर पडलेले फळ उचलण्यात. पंखाचे फळ वाऱ्याने वाहून येते आणि शेजारच्या ऐनाचे फळ अर्जुनाखाली सापडू शकते. फळ फांदीवर असतानाचा, त्याच डहाळीवरच्या पानासह एक तरी फोटो हवा. फळ उंचावर असेल, तर खाली पडलेली पाच-सहा फळे एकत्र ठेवून टिपावीत. सगळ्यांच्या रेषा एकसारख्या असतील तर ती त्याच झाडाची असण्याची शक्यता बरीच वाढते.

एवढे करूनही काही झाडे ओळखता येत नाहीत. अर्जुन आणि ऐन यांच्या मधल्या लक्षणांची झाडे आढळतात: रेषा धड वर वळलेल्या नाहीत, धड आडव्या नाहीत, आणि पंखही मध्यम. अशा झाडाला फोटोवरून एकच नाव देण्यापेक्षा टर्मिनालिया इतकेच लिहून ठेवणे योग्य. ज्या फोटोंत फळ नाही, त्यांचेही तसेच. दोन्ही झाडे उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून पावसाळा सुरू होईपर्यंत फुलतात आणि फळे पक्व व्हायला पुढच्या वर्षाचे पहिले महिने उजाडतात. ऐनाची पाने त्याच सुमारास गळतात, म्हणून पानांचे फोटो आधी, हिवाळ्यातच काढून ठेवावे लागतात.